कॅबिनेटला झिणझिण्या येतात? अर्थिंग पाहा

भाऊ, पीसी बिघडला असंच समजू नको. पीसीचा पॉवर सप्लाय म्हणजे एसएमपीएस, त्याच्या फिल्टरमधले बारीक कपॅसिटर फेज अन् न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसली की बॉडीवर ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात, करंट एकदम कमी, म्हणून मागच्या स्क्रूला बोट लागलं की नुसत्या झिणझिण्या. खरी भीती वेगळीच हाय. त्याच अर्थच्या वायरवर पाण्याची मोटर असन अन् तिची वाइंडिंग बॉडीला लागली, तर २३० व्होल्ट सरळ तुझ्या कॅबिनेटवर येतात, एमसीबी पडत पण नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो, मग अर्थिंग नीट काम करत नाही. नुसता मल्टिमीटर खराब अर्थिंगवर पण बरोबर व्होल्टेज दाखवू शकते, वायरमनला फेज-अर्थवर बल्ब लावून पाहायला सांग, मंद जळला तर अर्थिंग गेली. न्यूट्रल अर्थच्या पिनला मात्र जोडू देऊ नको, न्यूट्रल तुटला की पूर्ण फेज बॉडीवर.