मालाची चणचण खरी, पण आठ लाखांची नाही

प्रश्न : मिरज तालुक्यात विद्राव्य खतांचं वितरण करतो, कृषी सेवा केंद्रांना माल देतो. 12:61:0 ची 25 किलोची बॅग मला 4,000 ला पडते, सुटतात 200 रुपये. द्राक्षाच्या फळछाटणीच्या हंगामात दहा आठवड्यांची विक्री अशी झाली : 22, 35, 18, 60, 41, 30, 12, 55, 38, 29. तिसऱ्या आणि सातव्या आठवड्यात माल संपला. तेव्हा 20 आणि 24 बॅगांच्या ऑर्डरी परत गेल्या, त्यातल्या 12-12 पुढच्या आठवड्यात माझ्याकडूनच उचलल्या. 50 बॅगा उरल्या की ऑर्डर देतो. मागच्या सहा ऑर्डरींना 7, 9, 8, 15, 10, 14 दिवस लागले. या वर्षी आठ लाखांची एफडी मोडून 200 बॅगा जादा भरून ठेवू का?

उत्तर : एफडी मोडू नका. जादा माल लागेल, पण साधारण 36 बॅगांचा.

तुमचे सहा ऑर्डरींचे दिवस बेरीज करून भागले तर सरासरी साडेदहा दिवस, म्हणजे दीड आठवडा येतो. एवढ्या वेळात सरासरी विक्रीनेच पन्नासच्या वर बॅगा जातात आणि तुम्ही ऑर्डर देता 50 वर. म्हणजे सगळं सरळ चाललं तरी गाडी येण्याआधी गोडाऊन रिकामं. जरा विक्री वाढली किंवा गाडी दोन दिवस लांबली की दुकानदाराला नाही म्हणायची पाळी. ज्या आकड्यावर ऑर्डर द्यायची त्या रीऑर्डर पॉइंटमध्ये दोन भाग असतात : गाडी येईपर्यंत सरासरीने जाणारा माल, आणि त्या सरासरीच्या वर काही झालं तर लागणारा सेफ्टी स्टॉक. तुमच्या पन्नासात पहिला भागच पुरता बसत नाही, दुसरा तर नाहीच.

आता विक्रीचे आकडे. 18 नंतर लगेच 60, आणि 12 नंतर लगेच 55. पाहणाऱ्याला वाटेल मागणी फार लहरी आहे. पण 18 आणि 12 हे माल संपलेले आठवडे आहेत. तो विक्रीचा आकडा आहे, मागणीचा नाही. पुढच्या आठवड्यातल्या उसळीत थांबलेल्या दुकानदारांच्या 12 बॅगा आहेत. परत गेलेल्या ऑर्डरी ज्या त्या आठवड्यात घाला आणि पुढच्यातून 12 वजा करा. मग 18 चे 38 होतात, 60 चे 48, 12 चे 36 आणि 55 चे 43. सरासरी येते आठवड्याला 36. सरासरीपासूनचा चढउतार, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो कच्च्या आकड्यांवर 15 च्या आसपास होता. दुरुस्त आकड्यांवर साडेसात. अर्धी लहर तुमच्या टंचाईनेच तयार केली होती. नाकारलेल्या ऑर्डरी वहीत लिहिल्यात म्हणून हे कळलं, नाहीतर कागदावर दिसलं नसतं. ती सवय सोडू नका.

दुरुस्त विक्री एक्सेलमध्ये B2 ते B11 मध्ये आणि ऑर्डरीचे दिवस C2 ते C7 मध्ये भरा. सेफ्टी स्टॉक असा निघतो :

```
=1.65*SQRT(AVERAGE(C2:C7)/7*VAR.S(B2:B11)+AVERAGE(B2:B11)^2*VAR.S(C2:C7)/49)
```

उत्तर येतं 32 बॅगा. 7 आणि 49 ने भागायचं कारण एवढंच, की विक्री आठवड्याची आहे आणि गाडीचे दिवस आहेत. 1.65 म्हणजे वीस ऑर्डरींपैकी एकदा माल कमी पडेल एवढी जोखीम पत्करणं. त्याऐवजी 2.33 घातलं तर शंभरात एकदाच कमी पडेल, पण सेफ्टी स्टॉक 45 वर जातो. म्हणजे आणखी 13 बॅगा, 52,000 रुपये. पाच टक्के नफ्याच्या मालाला एवढी काळजी परवडत नाही असं माझं मत.

दीड आठवड्याचे 54 अधिक हे 32, म्हणजे 86. गोडाऊनमधला माल आणि वाटेवरचा माल धरून, त्यातून दुकानदारांना शब्द दिलेला माल वजा करून 86 उरले की ऑर्डर द्यायची. वाटेवरचा माल मोजायला विसरलात तर एकाच टंचाईसाठी दोनदा ऑर्डर जाईल. आणि हा आकडा रोज संध्याकाळी स्टॉक बघणाऱ्यासाठी आहे. तुम्ही फक्त शनिवारी मोजत असाल तर दोन शनिवारांमधली विक्रीही झाकावी लागते आणि 86 चे 124 होतात. दीड लाखाचा माल केवळ रोज न मोजल्यामुळे पडून राहणार.

पन्नासवरून 86 म्हणजे 36 बॅगा, 1,44,000 रुपये. एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त लावतात, आणि व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांचंच. 8 टक्के धरले तर तीन महिन्यांचं व्याज 2,880 रुपये. मागच्या हंगामात कायमच्या हातून गेलेल्या बॅगा 20, म्हणजे 4,000 रुपयांचा नफा. शिवाय दुसऱ्याकडे गेलेला दुकानदार बाकीचा मालही तिथूनच उचलतो. हा सौदा बसतो. 200 बॅगांना मात्र तेवढ्याच काळाचं व्याज 16,000 पडेल. चार हजार वाचवायला सोळा हजार.

मला खरी खटकते ती गाडी. सूत्रात विक्रीच्या चढउताराचा वाटा पाव भागापेक्षा कमी आहे, बाकी सगळा त्या 15 आणि 14 दिवसांच्या ऑर्डरींचा. दर वेळी साडेदहा दिवसांत माल आला तर सेफ्टी स्टॉक 32 वरून 15 वर येईल, म्हणजे 17 बॅगा कमी लागतील. त्या दोन ऑर्डरी कुठे अडल्या ते शोधा : पेमेंट जमा व्हायला वेळ लागला, जुनी येणी असल्याने कंपनीने बिल रोखलं, की गाडी भरायची वाट बघत बसली? पेमेंटचं कारण निघालं तर ओव्हरड्राफ्टचा काही भाग त्यासाठीच राखा, तो 17 बॅगांपेक्षा जास्त काम करेल. दिवस मोजताना ऑर्डरीच्या फोनपासून माल उतरेपर्यंत मोजा. बिलाच्या तारखेपासून मोजलेले दिवस नेहमी कमी दिसतात.

हे गणित एका ठिकाणी फसेल. सूत्र धरून चालतं की एका आठवड्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण पावसाने छाटण्या रखडल्या आणि मग तासगाव, कवठेमहांकाळकडे सगळ्यांनी एकदम कात्री लावली, तर पाठोपाठचे दोन-तीन आठवडे जोरात जातात आणि 32 बॅगा पुरत नाहीत. याला सूत्र नाही, फोन आहे. 12:61:0 छाटणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लागतं, त्यामुळे किती बागा छाटल्या गेल्या हे मोठ्या पाच-सहा दुकानदारांना दर सोमवारी विचारलं तर गर्दीची चाहूल आधी लागते. एखादा गट एकदम 20-25 बॅगा मागणार असेल तर ती ऑर्डर वेगळी बुक करा, सरासरीत मिसळू नका.

छाटण्या आटोपल्याचं दुकानदारांकडून कळलं की 86 वर ऑर्डर देणं बंद. शेवटच्या आठवड्यांत सेफ्टी स्टॉकच विकून संपवायचा आणि ओव्हरड्राफ्ट भरून टाकायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पडून राहिलेल्या बॅगांना ओल लागून गोळे झाले तर त्या 4,000 ला कोणी घेणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीसाठी तेव्हाच्या विक्रीवर आकडा नव्याने काढा.