‘कायदेशीर गरज’ म्हणजे नक्की कसली गरज?

*“वडिलांनी केलेल्या जुन्या खरेदीखतात ‘कुटुंबाच्या कायदेशीर गरजेकरिता’ असे शब्द आहेत. गरज कायदेशीर किंवा बेकायदेशीर कशी असेल? आणि आम्हा मुलांच्या सह्या नसताना त्यांनी कर्ता म्हणून विकलेली वडिलोपार्जित जमीन घेणाऱ्याकडे टिकते का?”*

‘कायदेशीर’ हा शब्द इथे फसवा आहे. कुठल्या कलमात गरजांची यादी दिलेली नाही. इंग्रज न्यायाधीशांनी वापरलेल्या ‘लीगल नेसेसिटी’ या शब्दजोडीचं हे शब्दशः मराठी. त्यांना म्हणायचं होतं, ‘हिंदू धर्मशास्त्र जिला गरज मानतं ती’. मूळ वचन बृहस्पतीचं म्हणून विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रावरच्या टीकाग्रंथात आलं आहे:

एकोऽपि स्थावरे कुर्याद्दानाधमनविक्रयम् ।
आपत्काले कुटुम्बार्थे धर्मार्थे च विशेषतः ॥

घरातला एकटा माणूसही स्थावराचं दान, गहाण किंवा विक्री करू शकतो, पण संकटात, कुटुंबासाठी किंवा धर्मकार्यासाठी. (‘आधमन’ म्हणजे गहाण.) यातला ‘अपि’ महत्त्वाचा. सर्वांची संमती हा नियम, आणि एकट्याने विकणं हा अपवाद. मुलं अज्ञान असतील, संमती द्यायला असमर्थ असतील, तेव्हा घर अडून राहू नये म्हणून विज्ञानेश्वराने हे वचन पुढे आणलं. पुढे न्यायालयांनी अपवाद रुंद केला. आज खरी गरज असेल तर सज्ञान मुलांनी सही केली नाही म्हणून कर्त्याची विक्री पडत नाही.

‘कर्ता’ या शब्दाचीही एक गंमत आहे. आपण ‘घरातला कर्ता मुलगा’ म्हणतो तेव्हा कमावता, घर सांभाळणारा असा अर्थ असतो. कायद्यातला कर्ता कमावता असेलच असं नाही. वडील हयात असतील तर साधारणपणे तेच कर्ते, मग मुलगा पुण्यात कितीही कमवो. सातबाऱ्यावर नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ दिसतं तेही हेच, एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. त्या तीन अक्षरांवरून इतकंच कळतं की नाव एकाचं असलं तरी जमीन घराची असल्याचा दावा आहे.

आता ‘गरज’. अरबी ‘गरज़’ म्हणजे हेतू, उद्देश. मराठीत तिला निकड चिकटली. न्यायालय पाहतं ते दोन्ही: निकड होती का, आणि पैसे त्या हेतूने घेतले का. सोसायटीचं थकलेलं देणं, मुलीचं लग्न, आजारपण, सारा, मोडकळीला आलेलं घर, जमीन वाचवण्यासाठीचा दावा, हे सगळं बसतं. बाजारभाव चांगला मिळत होता एवढ्याने बसत नाही. मटक्याचं देणं तर नाहीच.

तुमच्या खतात बहुधा अशी ओळ असेल: ‘आम्हांस प्रपंचाचे अडीअडचणीकरिता, मुलामुलींचे लग्नकार्याकरिता व सोसायटीचे देणे भागविणेकरिता रकमेची गरज लागलेने…’ दस्त लिहिणारे ती पाठ असल्यासारखी लिहितात. घरात लग्नाचं कोणी नसतानाही ‘लग्नकार्य’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. म्हणूनच खतात लिहिलं म्हणजे गरज सिद्ध झाली, असं न्यायालय धरत नाही. व्यवहार फार जुना असेल आणि साक्षीदार हयात नसतील, तेव्हा मात्र त्या मजकुराला वजन येतं.

गरज सिद्ध करायची ती घेणाऱ्याने. इंग्रजी अमदानीत शेवटचं अपील जिथे चालायचं त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे खटल्यात (१८५६) घातलेली चौकट अजून चालते. घेणाऱ्याने चौकशी करावी. नीट, प्रामाणिकपणे चौकशी करून गरज आहे असं त्याला वाटलं असेल, तर पुढे ती खोटी निघाली तरी तो वाचतो. दिलेला पैसा विकणाऱ्याने कुठे खर्च केला, हे पाहत बसणं त्याचं काम नाही.

लुधियानाजवळच्या एका गावचा दावा यासाठी चांगला नमुना आहे. बापाने १९६० मध्ये जमीन १९,५०० रुपयांना विकली, मुलाने १९६४ मध्ये दावा लावला, आणि शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला २०१८ मध्ये! खरेदी टिकली. कारण बापावर सरकारी तगाईची दोन कर्जं आणि इतर देणी होती, शिवाय शेत सुधारायलाही पैसे हवे होते, आणि हे पुराव्यात आलं होतं. एकदा गरज दिसली की रुपयान्‌रुपयाचा हिशेब घेणाऱ्याकडून मागत नाहीत.

गरज सिद्ध झाली नाही तर? इथे महाराष्ट्राची वाट वेगळी आहे, आणि तुमच्यासाठी हाच भाग महत्त्वाचा. उत्तर प्रदेशाकडच्या मिताक्षरा परंपरेत अशी अख्खी विक्री कोसळू शकते. मुंबई आणि मद्रासकडे मात्र सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क असलेला माणूस, स्वतःचा अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकू शकतो. त्यामुळे विक्री मुलांच्या हिश्श्यापुरती जाते, बापाच्या हिश्श्यापुरती राहते. समजा सहा एकर, बाप आणि दोन मुलं, आई हयात नाही, मुलगी नाही. घेणाऱ्याला दोन एकरांचा हक्क उरतो, पण कुठले दोन एकर ते वाटपाच्या दाव्यातच ठरतं. त्याने बांध घालून ‘हे माझं’ म्हणायचं नाही. (आई हयात असती तर आपल्याकडे वाटपाच्या वेळी तिलाही मुलाएवढा हिस्सा, म्हणजे बापाचा भाग दीड एकरावर.)

म्हणूनच वकील दाव्यात ‘खरेदीखत रद्दबातल आहे’ एवढंच न लिहिता ‘वादीच्या हिश्श्यापुरते वादीवर बंधनकारक नाही असे ठरवून मिळावे’ असं लिहितात. रद्दबातल म्हणजे मुळात जन्मलंच नाही. कर्त्याचं खत तसं नसतं. ते उभं असतं, आणि मुलाने वेळेत आव्हान दिलं तरच त्याच्यापुरतं पडतं. फेरफार मंजूर झाला की नाही, याने इकडचं तिकडे होत नाही.

वेळ म्हणजे घेणाऱ्याने ताबा घेतल्यापासून १२ वर्षं. खताच्या तारखेपासून नव्हे. मुलगा तेव्हा अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यावर किमान ३ वर्षं तरी मिळतात. २०१२ मध्ये ताबा गेला आणि मुलगा ८ वर्षांचा होता, तर बारा वर्षं २०२४ मध्ये संपतात, पण तो २०२२ मध्ये १८ चा झाल्याने त्याला २०२५ पर्यंत मुभा. विक्री होण्याआधीच मनाई हुकूम मागायला गेलात तर गरजेच्या मुद्द्यावर तो सहसा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं आहे की आधी विकू द्या, मग आव्हान द्या.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी तपासा. ‘वडिलोपार्जित’ म्हणजे शब्दशः वडिलांनी मिळवलेलं, आणि ‘वडिलार्जित’चाही अर्थ तोच. बोलताना आपण बापाने स्वतः घेतलेल्या जमिनीलाही हे शब्द लावतो. ती जमीन खरोखर त्यांनी स्वकष्टाने घेतलेली असेल, किंवा आजोबांची स्वतःची जमीन त्यांच्या १९५६ नंतरच्या मृत्यूने वारसाहक्काने वडिलांकडे आली असेल, तर मुलांची संमती लागतच नाही आणि गरज होती की नव्हती हा प्रश्नही उठत नाही. तेव्हा खरेदीखताच्या आधी जुने फेरफार काढा आणि जमीन वडिलांच्या नावावर कशी आली ते वाचा.