आढावा बैठकीपूर्वी घटनाक्रम लिहून ठेवा

ऐरोलीतील तुमचा पहिलाच प्रकल्प फसला असेल आणि त्याचा दोष तुमच्यावर येईल अशी भीती असेल, तर आढावा बैठकीला जाण्यापूर्वी एका पानावर केवळ घटनाक्रम लिहावा: तारीख, निर्णय, तो कोणी घेतला आणि त्याची नोंद कोठे आहे. ‘निष्काळजीपणा’सारखे शब्द त्यात नसावेत.

महापे येथील माझ्या एका प्रकल्पात चाचणीचे 10 दिवस तोंडी सांगून 3 वर आणले गेले, नव्या प्रणालीत ग्राहकांच्या नोंदी दुबार उतरल्या आणि सर्वांनी चाचणी करणाऱ्या सहकारी मुलीकडे बोट दाखवले. तिने मात्र निर्णयाच्याच संध्याकाळी व्यवस्थापकांना ईमेल पाठवला होता: “आज ठरल्याप्रमाणे चाचणी 3 दिवसांत संपवत आहे. दुबार नोंदींची तपासणी त्यात होणार नाही. माझ्या समजण्यात चूक असल्यास कळवावे.” त्या ईमेलमुळे ती वाचली. तरीही, चाचणीत दिसलेला एक इशारा आपण वर कळवला नाही, हे तिने स्वतःहून सांगितले, आणि माझ्या मते त्यामुळेच तिच्या उरलेल्या म्हणण्यावर विश्वास बसला.

असा ईमेल तुमच्याकडे नसेल, तर आठवणीतून लिहिलेल्या टिपणावर आजचीच तारीख घाला. कार्यालयीन ईमेल वैयक्तिक खात्यावर पाठवू नका. अनेक कंपन्यांत तो नियमभंग ठरतो आणि मग चौकशी तुमचीच सुरू होते.