धुमसणारी आग आणि ज्वाळेची आग यांत फरक काय?

प्रश्न: लाकूड तेवढंच असलं तरी ज्वाळा असताना धूर कमी असतो आणि धुमसायला लागलं की धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो, असं का?

चुलीत लाकूड तापून साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ते विघटित होऊ लागतं. त्यातून जळाऊ वायू आणि डांबरासारखी वाफ बाहेर पडते, मागे कोळसा उरतो. ज्वाळा म्हणजे हे वायू लाकडाच्या बाहेर, हवेत मिसळून जळणं. धुमसताना वायू पेट घेत नाहीत. ऑक्सिजन कोळशाच्या पृष्ठभागापर्यंत झिरपतो आणि तिथेच संथ जळण होतं, बहुतेक वेळा ५०० ते ७०० अंशांवर. ज्वाळेचं तापमान मात्र हजाराच्या आसपास किंवा वर जातं.

खरी मेख इथे आहे. कार्बन जळताना आधी कार्बन मोनॉक्साइड होतो, मग त्याचा कार्बन डायऑक्साइड. या दुसऱ्या टप्प्याला भरपूर उष्णता लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजनचा मिळून बनलेला OH हा अतिशय क्रियाशील कणही लागतो. ज्वाळेत दोन्ही मुबलक असतात. धुमसताना मोनॉक्साइड कोळशावरून सुटतो आणि दुसरा टप्पा गाठायच्या आत थंड हवेत निघून जातो. डांबराची वाफही न जळता निसटते, थंड होऊन तिचे बारीक थेंब बनतात. डोळ्यांना झोंबणारा पांढरा-निळसर धूर तो हाच. ज्वाळेचा धूर वेगळा, काजळीचा, काळा.

हा धूर म्हणजे न जळलेलं सरपणच, हे फुंकणीने लगेच दिसतं. धुमसणाऱ्या लाकडावर फुंकर घातली की आधी धूर दाटतो, मग भप्पकन ज्वाळा धरते आणि धूर जवळजवळ नाहीसा होतो. ओलं सरपण धुमसतं कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि वायू पेटण्याइतके तापतच नाहीत.

मोजमापं बघा: गवताळ रानाच्या, मुख्यतः ज्वाळेच्या आगीत जळलेल्या इंधनाच्या किलोमागे सुमारे ६५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघतो, पीट म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर धुमसताना सुमारे २०० ग्रॅम. पण हा हिशेब किलोमागचा आहे, मिनिटामागचा नाही. ज्वाळा इंधन झपाट्याने खाते, त्यामुळे मोठी ज्वाळा थोड्या वेळात एकूण जास्त मोनॉक्साइडही सोडू शकते.

धूर नाही म्हणून मोनॉक्साइड नाही, हे मात्र कधीच धरू नका. लोणारी कोळशातली डांबरी वाफ आधीच निघून गेलेली असते, म्हणून शेगडी धूर करत नाही, पण मोनॉक्साइड भरपूर सोडते, आणि त्याला वास नसतो. रसरशीत कोळशावर नाचणाऱ्या छोट्या निळ्या ज्योती म्हणजे तोच वायू जळतोय. शेगडी राखेने झाकली, निखारे मंदावले की त्या ज्योती विझतात आणि वायू न जळता खोलीत येतो. बंद खोलीत अशी शेगडी ठेवून झोपणं जीवघेणं आहे.