11.52 आणि 11.53

ताई,
सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या मैत्रिणीचं लग्न आहे. तिने नोकरी बदलल्यापासून आमचं बोलणं वाढदिवसापुरतंच उरलंय. आमंत्रण आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होऊन. वर ते दोन बाण, खाली 'हेच निमंत्रण समजावे'. माझं नावसुद्धा नाही! मला आलं रात्री 11.52 ला, आमच्या दुसऱ्या मैत्रिणीला 11.53 ला, म्हणजे सगळ्यांना सरसकट. चार दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. नुसता अंगठा टाकू, की काय वाटलं ते एकदा सविस्तर लिहू?
– बिननावाची पाहुणी

अगं पाहुणे,
त्या दोन वेळा तू रागाच्या भरात लिहून गेलीस, पण पत्रात कामाचं तेवढंच आहे.

दोन बाण म्हणजे तो मजकूर आधीच निदान पाच वेळा पुढे ढकलला गेलाय. घरातल्याच कुणीतरी लिहिला असेल, नातेवाइकांच्या ग्रुपांतून फिरला असेल आणि तिने तिथूनच उचलला असेल. साधा फॉरवर्ड एका दमात पाच ठिकाणी जातो. दोन बाणवाला एका वेळी एकाच चॅटमध्ये जातो. सरसकटच करायचं असतं तर जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकून ती झोपली असती. त्याऐवजी बाराला आठ मिनिटं असताना ती बसून एकेक नाव शोधत होती. तुझं सापडलं, पाठवलं, मागे आली, पुढचं शोधलं. एक मिनिट गेलं.

आता हुरळूनही जाऊ नकोस. मिनिट म्हणजे मिनिटच. खाली 'तू ये हं' एवढं जरी तिने जोडलं असतं, तर मी तुला फोन करायला लावलं असतं. तिने तुझं नाव निवडलं आणि स्वतःचा एक शब्द लिहिला नाही. तुझं उत्तरही त्याच मापाचं हवं: फक्त तिला, दोन ओळींत.

सविस्तर लिहिण्याचं नाव काढू नकोस. ऐन लग्नाच्या धांदलीत ती त्यावर काही बोलणार नाही, आणि मग त्या न आलेल्या उत्तराबद्दल तू मला पुढचं पत्र पाठवशील. अंगठाही नको. त्यातून तू येणार आहेस की नुसतं वाचलंस, ते कळत नाही, आणि तिकडे कुणीतरी डोकी मोजत बसलंय.

जायचं की नाही, हे तू मला विचारलेलंच नाहीस, लक्षात आलं का? म्हणजे जायचं ठरलंय. मग तिच्या नावाने सुरुवात कर आणि लिही: 'मनापासून अभिनंदन! मी नक्की येतेय, एकटीच.' तो 'एकटीच' गाळू नकोस. निमंत्रणात नाव नसलं की किती जण धरायचे, हे यजमानाला कळत नाही.

आणि आजच पाठव. 11.52 व्हायची वाट बघू नकोस.