चेहरा बदलल्यावर कानाजवळ जोड दिसतो

*ग्रुप फोटोत भावाचे डोळे मिटलेत, म्हणून फोटोशॉपमध्ये दुसऱ्या फोटोतला चेहरा लावला. पण कान, कल्ले आणि कानशिलाजवळ डोकं चिकटवल्यासारखं दिसतं. काय करू?*

नव्या चेहऱ्याचा मास्क कानाच्या पुढेच संपवा. कान, कल्ले आणि केस मूळ फोटोतलेच राहू द्या. डोक्याच्या कडेवर दोन फोटो भेटले की चोरी लगेच पकडली जाते. नवा गाल रुंद असेल तर मूळ कान वेगळ्या लेयरवर कॉपी करून किंचित बाहेर सरकवा. समोरून काढलेल्या फोटोत कानाचं टोक साधारण भुवईच्या आणि पाळी नाकाच्या बुडाच्या रेषेत येते, तेवढं जुळवा. सरकवल्यावर जुन्या कानाची कड मागे डोकावत असेल तर तिथली पार्श्वभूमी क्लोन स्टॅम्पने भरून घ्या. हे बहुतेक जण विसरतात.

कल्ल्यांसाठी मऊ मोठा ब्रश नको, त्याने धुरकट पट्टा तयार होतो. मास्कवर दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने, केस वाढतात त्या दिशेने, म्हणजे खाली आणि जरा मागे, तुटक रेघा ओढा. कानशिलावर केस विरळ असतात, म्हणून मधून त्वचा दिसू द्या. शेवटी डोक्याचा आकार सपाट काळ्या रंगाने भरून पाहा. फुगवटा किंवा खाच असेल तर लगेच कळते.

मात्र दोन्ही फोटोंत मान वेगवेगळी वळलेली असेल, एकात कान पूर्ण आणि दुसऱ्यात अर्धाच दिसत असेल, तर ही मेहनत वाया जाते. दुसरा फोटो शोधा.