वर येताना ‘दम धरू नका’ म्हणावं का?

प्रश्न (ऐरोलीहून): तारकर्लीला जाणाऱ्या आमच्या ग्रुपसाठी स्कूबाच्या सूचना मराठीत करतेय. ‘वर येताना दम धरू नका’ असं लिहिलं तर चालेल का? ‘श्वास रोखू नका’ फार पुस्तकी वाटतं.

उत्तर: ‘दम धरू नका’ लिहू नका. ‘जरा दम धर’ म्हणजे घाई करू नकोस, हा अर्थ आपल्या तोंडात इतका रुळलाय की कुणी तुमची सूचना ‘थांबू नका, पटकन वर या’ अशीही वाचेल. स्कूबात तर सावकाशच वर यायचं असतं, मिनिटाला साधारण 9 मीटर, त्याहून जलद नाही. म्हणजे एका अर्थाने दम धरायचाच असतो आणि दुसऱ्या अर्थाने मुळीच नाही.

दुसरी अडचण अशी की ‘दम धरणे’ हा शब्द बुडी मारणाऱ्यांचा आहे. ठाण्याच्या तरणतलावात आम्ही लहानपणी दम धरून तळाशी कोण जास्त वेळ बसतो याची पैज लावायचो आणि तसाच दम धरून वर यायचो. त्यात फुप्फुसांना इजा होत नाही, कारण ती हवा वरून भरून नेलेली असते. खाली पाण्याच्या दाबाने ती आक्रसते आणि वर येताना मूळ आकारावर येते, त्यापलीकडे जात नाही. स्कूबात मात्र माणूस खाली असतानाच श्वास घेतो, आणि तोंडातलं रेग्युलेटर त्याला भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देतं. समुद्रात 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून 5 लिटर हवा घेतली आणि तोंड मिटून वर आलात, तर त्याच हवेला पृष्ठभागावर 10 लिटर जागा लागते. छातीत ती जागा नसते.

मोठेपणी स्कूबा शिकताना आमच्या प्रशिक्षकाने हे फुग्यावर दाखवलं. तलावाच्या तळाशी, 3 मीटर खाली, टाकीतल्या हवेने फुगा चांगला ताठ भरला, गाठ मारली आणि सोडून दिला. वर जाता जाता तो फुगत गेला आणि पृष्ठभागाच्या जरा खालीच फुटला. एवढ्याशा अंतरात हवा सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. छाती पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम सव्वा मीटर वर येणंही इजेला पुरतं. प्रमाणात सगळ्यात मोठा बदल शेवटच्या 10 मीटरमध्ये होतो: 20 वरून 10 मीटरवर येताना हवा दीडपट होते, 10 वरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. ‘आता आलोच वर’ असं वाटतं तीच जागा नवख्याला जास्त धोक्याची.

सूचनांमध्ये ‘फुप्फुस फुटतं’ असंही लिहू नका, ‘फाटतं’ लिहा. फुटणे म्हटलं की फुग्यासारखा फट् आवाज डोळ्यांसमोर येतो. इथे वायुकोशांच्या तलम भिंती फाटतात आणि बहुतेक वेळा आधी काही दुखतही नाही. बाहेर पडलेली हवा मानेच्या कातडीखाली आली तर तिथे दाबल्यावर करकर लागते, आवाज बदलतो. फुप्फुसाभोवती साचली तर छातीत कळ येते, धाप लागते. रक्तात शिरली तर हृदयाच्या डाव्या बाजूतून मेंदूकडे जाऊ शकते. मग माणूस वर आल्यावर काही मिनिटांतच बेशुद्ध पडतो किंवा त्याची एक बाजू लुळी पडते. त्याला आडवं झोपवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. मेंदूकडे गेलेल्या हवेवरचा खरा उपचार म्हणजे दाबाच्या बंद कक्षात ठेवणं.

आता ‘श्वास रोखू नका’बद्दल. मला ते पुस्तकी वाटत नाही, आपण ‘श्वास रोखून मॅच पाहिली’ असं सहज म्हणतो. पण रोखणे म्हणजे ठरवून केलेली गोष्ट. घाबरलेला माणूस ठरवून काही करत नाही, त्याचा घसाच मिटतो. त्याला ‘रोखू नको’ म्हणून उपयोग नाही, काय करायचं ते सांगायला हवं. योगवर्गाला जाणारं कुणी ‘कुंभक नको’ सुचवेल. कुंभ म्हणजे घडा, आणि तोंड मिटलेल्या घड्याचं ते चित्र चपखल आहे, पण सगळ्यांना ते कळणार नाही.

मी असं लिहीन: ‘पाण्याखाली श्वास सतत चालू ठेवा. वर येताना सावकाश या. रेग्युलेटर तोंडातून निघालं तर वर येईपर्यंत हलकेच “आऽऽ” म्हणत बुडबुडे सोडत राहा.’ सूचनेतून ‘आऽऽ’ गाळू नका. तो आवाज चालू असेपर्यंत घसा मिटूच शकत नाही.